भूक शाबूत, अंग उतरलेलं

वजन उतरलेला माणूस वजनाची तक्रार घेऊन दवाखान्यात सहसा येत नाही. तो येतो गुडघ्यासाठी, खोकल्यासाठी, नाहीतर चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो म्हणून. तपासून झालं, चिठ्ठी लिहून झाली की दारातून निघता निघता बायको म्हणते, "डॉक्टर, हे जरा वाळलेत हो." त्यावर त्याचा निकाल तयारच असतो. "जेवण व्यवस्थित आहे. भूक लागते, पोट साफ होतं. उगाच काहीतरी." आणि ते दोघं निघून जातात.

हा निकाल त्या एकट्याचा नाही. शेजारी, नातेवाईक आणि खरं सांगायचं तर आमच्या व्यवसायातले बरेच जणही तो मनोमन मान्य करतात. म्हणून आधी तो पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. खरा आजार सगळ्यात आधी भूक खातो, असं त्याचं म्हणणं. क्षयाचा रोगी ताटावरून उठतो, काविळीत अन्नाचा वास नकोसा होतो, कर्करोगात तोंडाची चव जाते. ज्याला दोन्ही वेळ कडकडून भूक लागते त्याला मोठा आजार कसा असेल? वजन उतरलं असेल तर ते दगदगीनं, उन्हानं किंवा काळजीनं. आणि पन्नाशीच्या आसपास चार किलो उतरलेच, तर ते बरंच झालं की!

यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. क्षय, कर्करोग, मूत्रपिंडाचे जुने विकार, नैराश्य, यांत भूक बहुधा मंदावते. वजन किलो-दीड किलो इकडेतिकडे होतच असतं, हेही खरं. चूक होते ती पुढच्या पायरीला. 'बहुतेक आजारांत भूक जाते' यावरून 'भूक आहे म्हणजे आजार नाही' असं अनुमान काढलं जातं. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळे' नव्हे; काही आजारांत भूक शाबूतच राहते.

आपली जुनी वैद्यकीही भुकेला आरोग्याचा दाखला मानत नव्हती. चरकसंहितेत ग्रहणीच्या चिकित्सेचा अध्याय आहे. त्यात मंद झालेल्या अग्नीबरोबर भडकलेल्या अग्नीचाही विचार येतो. हा अत्यग्नी अन्न पचवून संपला की शरीरातले धातूच पचवायला घेतो, आणि माणूस खातो तरी झिजतो. मराठीत त्याला भस्म्या रोग म्हणतात. आपण तो शब्द वापरतो खादाड पोराची थट्टा करायला; त्यातला 'रोग' आपण विसरलो.

भूक म्हणजे मागणी. शरीरातली चरबी कमी झाली की तिच्यातून स्रवणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, कमी होतं आणि मेंदू जेवण मागू लागतो. १९९४ साली हे संप्रेरक सापडल्यापासून तरी यात फारसा वाद उरलेला नाही. मग वजन उतरत असताना भूक टिकून राहणं किंवा वाढणं हे घट कुठेतरी चालू असल्याचंच चिन्ह ठरतं, ती थांबल्याचं नव्हे. दुकानदार रोज तेवढाच माल भरतो, गिऱ्हाईकही तेवढंच, तरी गल्ल्यात पैसे कमी, असं झालं तर आपण 'माल भरतोय ना, मग धंदा ठीक' असं म्हणत नाही, गळती शोधतो.

गळतीच्या वाटा मुख्यतः तीन. अन्न पचत किंवा शोषलं जात नाही आणि शौचावाटे जातं. शोषलं जातं, पण साखर होऊन लघवीवाटे वाहतं. किंवा शोषलंही जातं, वाहतही नाही, पण शरीराची भट्टी इतकी पेटलेली असते की सगळं जळून जातं. पहिली वाट पचनाची, उरलेल्या दोन संप्रेरकांच्या. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' हे आपल्या घरातलं वाक्य त्यामुळे मला फार नेमकं वाटतं. फक्त ते म्हणून झाल्यावर दृष्ट काढून थांबायचं नसतं. अंगी लागत नाही तर जातं कुठे, हे विचारायचं असतं.

आता एक माणूस. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ४६, धंद्यानं शिंपी, दारू-तंबाखू काही नाही. तो आला होता पायाची आग होते म्हणून. वजनाचं विचारलं तर म्हणाला, "काट्यावर कधी चढलो नाही. पण माझीच पँट मी आठ महिन्यांत तीनदा आल्टर केली. कमर चौतीसची एकतीस झाली." यापेक्षा चांगला पुरावा मला क्वचित मिळतो. ज्यांच्या घरी वजनकाटा नाही त्यांच्याकडे पट्ट्याची नवी भोकं असतात, बोटात फिरणारी अंगठी असते, घड्याळाचा सैल पट्टा असतो. मी त्याचं वजन केलं, ५६ किलो. वर्षभरापूर्वी रक्तदान केलं होतं, त्या कार्डावर ६४ होतं. आठ किलो, म्हणजे साडेबारा टक्के. सहा ते बारा महिन्यांत मुद्दाम न करता पाच टक्के वजन गेलं तर कारण शोधायचं, असा साधारण संकेत आहे. चौसष्ट किलोला पाच टक्के म्हणजे जेमतेम सव्वातीन किलो. हा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

तपासण्यांआधी मी ताटाची चौकशी करतो, कारण 'भूक नेहमीसारखी' हे वाक्य अनेकदा खोटं ठरतं. कोणी फसवत नसतो. कवळी टोचते, भाकरी सुटते आणि पेज येते, हे माणसाच्या ध्यानातच राहत नाही. म्हणून विचारायचं ते घरच्यांना, आणि चपात्या मोजून. शिंप्याची बायको म्हणाली, "आधी तीन खायचे, आता चार खातात. रात्री उठून दूधही पितात." म्हणजे भूक खरोखर शाबूत होती, थोडी वाढलीच होती.

साखर तपासली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६०, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ८.६. मधुमेह. पायाची आग, रात्रीची भूक, वजन, सगळ्याचा उलगडा झाला असं वाटलं. इथे आणखी एक प्रचलित मत आडवं येतं: मधुमेह जाड माणसांचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून सडपातळ असतोच असं नाही. त्यामुळे 'एवढ्या बारीक माणसाला कसली साखर' म्हणून तपासणी टाळणं ही आपल्याकडे विशेष महागात पडणारी चूक आहे.

साखरेचं औषध सुरू केलं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२ वर आलं. कागदावर उत्तम. वजन मात्र ५४.५. आणखी दीड किलो गेलं होतं.

खंडनाचा दुसरा आणि मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथे येतो. 'भूक आहे म्हणजे आजार नाही' हे मत घरातलं. 'एक कारण सापडलं म्हणजे शोध संपला' हे आमचं, डॉक्टरांचं. मीही त्यात तीन महिने अडकलो. आधीच हिशोब मांडला असता तर अडकलो नसतो. तो आता मांडतो, कारण शाळेतल्या गणिताहून तो अवघड नाही.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठ किलो २४० दिवसांत गेले, म्हणजे रोजची तूट जास्तीत जास्त अडीचशे कॅलरींची. जास्तीत जास्त म्हणायचं कारण, उतरलेल्या वजनात स्नायू आणि पाणीही असतं, आणि त्यांतून मिळणारी कॅलरी चरबीपेक्षा कमी. आता साखरेची गळती. रक्तातली साखर १८०च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत खेचून घेता येत नाही. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण एक डेसिलिटर द्रव गाळतात. रक्तातली साखर २६० असेल तर वरची ८० मिलिग्रॅम दर मिनिटाला लघवीत जाते, तासाला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. याची साखर दिवसातले फार तर सहा तास एवढी चढत असावी. म्हणजे २९ ग्रॅम, ग्रॅमला चार कॅलरी, एकूण ११५ च्या आसपास. अडीचशेतल्या सव्वाशेचासुद्धा हिशोब लागला नाही.

साखर वजन उतरवू शकत नाही असा याचा अर्थ नाही. ज्याची साखर चोवीस तास तीनशेवर असते त्याच्या लघवीतून याच गणितानं दिवसाला १७० ग्रॅम साखर वाहते, म्हणजे सहा-सात चपात्यांचं बळ. तिथे मधुमेह एकटा पुरतो. माझ्या शिंप्याचा मधुमेह तेवढा मोठा नव्हता, आणि आटोक्यात आल्यावरही वजन घसरत होतं. आणखी एखादी वाट उघडी होती.

थायरॉईडचा विचार पहिल्याच दिवशी केला होता. आपल्या बोलण्यात 'तिला थायरॉईड आहे' म्हणजे ती जाड होते आहे. ग्रंथी मंदावली तर तसं होतं. ती अतिसक्रिय झाली तर उलट. उकडतं, छाती धडधडते, पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरतो, दिवसातून तीनदा शौचाला होतं, आणि भरपूर खाऊन माणूस वाळतो. तपासणीत टीएसएच अगदी तळाला गेलेलं असतं. साठी ओलांडलेल्यांत मात्र हे चित्र फसवं ठरतं. भूक वाढत नाही, हात थरथरत नाहीत. माणूस फक्त मलूल होतो, वाळतो, आणि नाडी अनियमित लागते. शिंप्याचं टीएसएच पूर्ण नॉर्मल होतं, ती वाट तिथेच बंद झाली.

या तपासणीतली एक मेख सांगून ठेवतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारे हल्ली खूप आहेत. काही प्रयोगशाळांची टीएसएच मोजण्याची पद्धत बायोटिनमुळे फसते. टीएसएच खोटंच कमी आणि थायरॉईडची संप्रेरकं खोटीच जास्त दिसतात, म्हणजे नसलेला आजार कागदावर उभा राहतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवली की हा घोळ टळतो. आणि ग्रंथी मंद म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्याचं वजन उतरू लागलं, तर नवा आजार शोधण्याआधी डोस जास्त होत नाही ना ते बघावं.

राहिली पचनाची वाट. "पोट साफ आहे" हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता आणि मी ते मान्य केलं होतं. ही माझी चूक. पोट साफ होणं आणि अन्न शोषलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. जुलाब नसतानाही चरबी वाया जाऊ शकते. या वेळी मी नीट विचारलं. तरंगतं का, हा प्रश्न सगळे विचारतात, पण तो कच्चा आहे. निव्वळ वायूमुळेही तरंगतं. चिकटतं का, दोनदा पाणी टाकावं लागतं का, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का, वास पूर्वीपेक्षा उग्र झालाय का, हे खरे प्रश्न. तो जरा संकोचला, मग म्हणाला, "भांडं ब्रशनं घासावं लागतं. मला वाटलं टाकीचं पाणी खराब." आणखी एक गोष्ट निघाली. तळलेलं मानवत नाही म्हणून त्यानं वर्षभरापूर्वी भजी-वडे आपणहून सोडले होते. चरबी कमी खाल्ली की लक्षणही फिकं पडतं, त्यामुळे त्याला जुलाब कधी झालेच नाहीत. आणि विशी-पंचविशीत वरच्या पोटात, पाठीपर्यंत जाणारी कळ वर्षातून दोन-तीनदा यायची. 'ॲसिडिटी' म्हणून ती सोडून दिली होती.

हे सगळं स्वादुपिंडाकडे बोट दाखवत होतं. हा अवयव पचनाचाही आहे आणि संप्रेरकांचाही. एका बाजूनं तो चरबी फोडणारं लायपेज आतड्यात सोडतो, दुसऱ्या बाजूनं रक्तात इन्सुलिन. जुन्या दाहानं तो हळूहळू सुकला तर दोन्ही बाजू जातात. त्याची राखीव ताकद प्रचंड; लायपेज नेहमीच्या दहाव्या हिश्शाच्या खाली आल्याशिवाय शौचात चरबी दिसत नाही. म्हणून वीस वर्षं कळा येऊनही पचन चालू राहतं आणि मग वर्षभरात सगळं ढासळल्यासारखं वाटतं. दारू न पिणाऱ्यांतही हा आजार होतो. केरळात तो पूर्वी इतका दिसायचा की स्वादुपिंडात खडे होणारा हा उष्ण कटिबंधातला प्रकार तिथल्या डॉक्टरांमुळे जगाला तपशिलानं कळला.

शौचातलं इलॅस्टेज तपासलं. २०० च्या वर असेल तर ठीक, १०० च्या खाली म्हणजे स्वादुपिंड जवळजवळ थकलेलं. त्याचं आलं ६०. ही तपासणी पातळ जुलाब होत असताना केली तर पाण्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. याचा नमुना घट्ट होता, त्यामुळे विश्वास ठेवता आला. मग सीटी स्कॅन. तो दोन कारणांसाठी: खडे पाहायला, आणि गाठ नाही याची खात्री करायला. पन्नाशीच्या पुढे अचानक मधुमेह निघाला आणि सोबत वजन उतरत असेल, तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा विचार करावाच लागतो, मग भूक कितीही चांगली असो. स्कॅनमध्ये गाठ नव्हती. नळीत ओळीनं खडे होते, आणि ग्रंथी पातळ पट्टीसारखी झालेली.

आता हिशोब पुन्हा मांडू. तो दिवसाला साठ ग्रॅम चरबी खात असेल आणि तिचा चौथा भाग वाया जात असेल, तर पंधरा ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे १३५. साखरेच्या ११५ मध्ये मिळवले की अडीचशे. अंदाजाचे आकडे आहेत, इतके चपखल बसले यात नशिबाचाही भाग आहे. पण साखर आटोक्यात आल्यावरही तीन महिन्यांत दीड किलो का गेलं, ते यातून कळतं. रोज १३५ कॅलरी म्हणजे तीन महिन्यांत तेवढंच.

या हिशोबात न आलेले विकारही या वाटांवर असतात. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजणारा सीलिॲक हा त्यातला एक. वजन उतरतं आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही अशी जोडी दिसली की त्याची रक्ततपासणी करावी, पण गहू खाणं चालू असताना. इंटरनेटवर वाचून दोन महिने चपाती सोडलेला माणूस तपासायला आला तर निकाल नॉर्मल येऊ शकतो आणि त्याचा काही अर्थ राहत नाही. जंतांचं म्हणाल, तर प्रौढ माणसाचे आठ किलो साध्या जंतांनी सहसा जात नाहीत. दूषित पाण्यातून येणारा जिआर्डिया मात्र शोषणात बिघाड करतो, आणि तो जंताच्या एका गोळीनं हटत नाही. दहा-पंधरा मिनिटांचे झटके, घाम, डोकेदुखी, धडधड आणि चढलेलं ब्लडप्रेशर एकत्र असेल तर अधिवृक्क ग्रंथीची दुर्मिळ गाठ मनात आणावी. आणि सगळं तपासूनही चार-पाच जणांत एकाच्या बाबतीत कारण सापडत नाही. अशांचं वजन दर महिन्याला लिहून ठेवायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं. थांबलं तर बहुधा काळजीचं काही नसतं.

शिंप्याला लायपेजच्या कॅप्सूल दिल्या. मुख्य जेवणाला चाळीस-पन्नास हजार युनिट, दूध-नाश्त्याला त्याच्या निम्मे. पंधरा दिवसांनी येऊन म्हणाला, काही फरक नाही. तो कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी, व्हिटॅमिनच्या गोळीसारख्या घेत होता. हे एंझाइम अन्नात मिसळलं तरच काम करतं. पहिल्या घासाला अर्धा डोस, जेवणाच्या मध्यावर उरलेला. तसं घेऊ लागल्यावर आठवड्यात ब्रशची गरज संपली. पण महिनाभरात साखर चढली, आणि तो चिडून आला की कॅप्सूलनं मधुमेह वाढवला. एका अर्थानं ते खरंच होतं. आजवर वाया जाणारं अन्न आता अंगी लागत होतं आणि त्याचं इन्सुलिन पुरत नव्हतं. इन्सुलिन सुरू केलं, बेतानं, कारण अशा स्वादुपिंडात साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही कमी असतं आणि साखर एकदम खाली घसरते. खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली.

सहा महिन्यांनी काट्यावर ५९. चौसष्टला तो बहुधा परत जाणार नाही. खडे आहेत तिथेच आहेत, कळ अधूनमधून येते, आणि तपासणीला त्याला दर काही महिन्यांनी यावं लागतं. गेल्या वेळी आला तेव्हा पँटची कमर दाखवायला त्यानं शर्ट वर केला. तीनदा आत घेताना त्यानं कापड कापलं नव्हतं, आत माया ठेवली होती. एकीकडची शिवण उसवून त्यानं एक इंच सोडला होता.